वाचनालयाच्या उद्घाटनाचं चार मिनिटांचं भाषण : ७४ देणगीदारांचे आभार मानायचे कसे?

गावभागची_ताई

मंडळी, सल्ला हवाय. सांगलीत गावभागात आमच्या गल्लीचं छोटं वाचनालय येत्या रविवारी सुरू होतंय. मंडळाच्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आहे. बाहेरचा उद्घाटक बोलवायचा नाही असं ठरलं. फीत गल्लीतल्या सर्वांत वयस्कर आजी आणि तिसरीतली एक मुलगी मिळून कापणार, आणि उद्घाटनाचं भाषण समितीची अध्यक्ष म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. वेळ चार मिनिटं. कार्यक्रम खाली गल्लीत मांडव घालून, संध्याकाळी साडेपाचला.

अडचण देणगीदारांची आहे. एकूण ७४ पावत्या फाडल्या. कुणी रोख दिली, कुणी पुस्तकं, कुणी नुसती मजुरी सोडली. सर्वांत मोठी देणगी १,५१,००० ची, सर्वांत लहान ५१ रुपयांची. एकाने नाव सांगू नका म्हणून बजावलंय. एका गृहस्थांनी २५,००० जाहीर केले आहेत, पण अजून दिलेले नाहीत, आणि ते पहिल्या रांगेत बसणार हे नक्की. माझ्या कच्च्या मसुद्याची सुरुवात अशी आहे :

"व्यासपीठावरील सन्माननीय मान्यवर आणि उपस्थित बंधूभगिनींनो, वाचाल तर वाचाल असे म्हटले जाते. ग्रंथ हेच गुरू. आजच्या मोबाईलच्या युगात वाचनसंस्कृती लोप पावत असताना आपण सर्वांनी सढळ हाताने केलेल्या मदतीमुळे हे ज्ञानमंदिर उभे राहिले. सर्वप्रथम मी श्री. ... यांनी रुपये १,५१,०००, श्री. ... यांनी रुपये ५१,०००..."

आणि मग यादी. कुणाला वगळू? नावं इथे मुद्दाम दिली नाहीत.

माईकवाला

ताई, आधी घड्याळ लावून यादी मोठ्याने वाचा. "श्री." किंवा "सौ.", मग नाव, आडनाव आणि रक्कम, असं एक नाव नीट उच्चारायला चार सेकंद जातात. ७४ गुणिले चार म्हणजे २९६ सेकंद. पाच मिनिटांना चारच सेकंद कमी. तुमचं भाषणच चार मिनिटांचं आहे. म्हणजे कुणाला वगळायचं हा प्रश्नच चुकीचा. यादी भाषणात बसतच नाही.

सूत्रसंचालन करताना मी हे नेहमी बघतो. पहिली पाच-सहा नावं लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात. नंतर प्रत्येक जण फक्त आपल्या नावाची वाट बघत बसतो आणि ते येऊन गेलं की शेजाऱ्याशी बोलायला लागतो. ज्याचं येत नाही तो शेवटपर्यंत बसतो आणि तसाच घरी जातो.

माझं मत असं. सगळी नावं फलकावर लावा, जिन्याच्या तोंडाशी, जिथे सगळे थांबतील. भाषणात नावं घ्यायची नाहीत, कामं सांगायची. चार-पाच देणग्या अशा निवडा की प्रत्येक प्रकारचा माणूस त्यात स्वतःला ओळखेल : पैसे देणारा, पुस्तकं देणारा, हाताने काम करणारा, लहान रक्कम देणारा. आणि हे निवडण्यामागचं कारण उघड बोलून टाका. "सगळी नावं घेतली तर चहा थंड होईल, म्हणून ती फलकावर लिहिली आहेत" एवढं पुरतं. कारण सांगितलं की राहून गेल्याचा राग येत नाही.

"मोबाईलच्या युगात" वगैरे सगळं काढा. समोर जी मुलं बसलेली असतील त्यांना पहिल्याच वाक्यात रागावल्यासारखं होतं ते.

कंदी_पेढा

साताऱ्याहून शुभेच्छा! आमच्याकडे नगरवाचनालय १८५२ पासून आहे, तेव्हा वाचनालय म्हटलं की आम्हाला जरा बोलायचा हक्क आहे 🙂

एक राहिलं ताई. भाषणात आवर्जून सांगा की सगळ्या देणगीदारांना ८०जी खाली करात सूट मिळेल. ज्यांनी पुस्तकं दिली त्यांनाही पुस्तकांच्या किमतीची पावती द्या. पुढच्या देणग्या आपोआप येतील.

रोखपाल

कंदी पेढा, थांबा जरा. हे माईकवरून सांगितलं तर ताईंना पुढचं वर्षभर गल्लीत तोंड लपवावं लागेल.

८०जी मिळायला ज्या संस्थेच्या नावाने पावती फाडली तिची त्यासाठी आयकर खात्याकडे नोंदणी लागते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी, ही वेगळी. नोंदणी असली तरी वस्तूरूपाने दिलेल्या देणगीला वजावट नाही, म्हणजे पुस्तकं, कपाटं, पंखे सगळं बाहेर. रोख २,००० च्या वर दिली असेल तर त्यालाही नाही, तिथे चेक किंवा ऑनलाइन हवं. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ही वजावट मुळातच नाही.

ताई, पावत्या कुणाच्या नावाच्या आहेत?

गावभागची_ताई

मंडळाच्या. मंडळाची धर्मादायकडे नोंदणी आहे. आयकराचं कुणालाच माहीत नाही, बहुतेक नाहीच.

रोखपाल

मग भाषणात कराचं अवाक्षर नको. कुणी खाली विचारलंच तर "विचारून सांगतो" म्हणा. आणि पावती मंडळाची असेल तर मंडळाचे आभार वेगळे मानायला विसरू नका. खोली त्यांची, पावतीपुस्तक त्यांचं. समितीतले लोक हे हमखास गृहीत धरतात, आणि पुढे वीजबिलाच्या वेळी ते निघतं.

मिरजमळा

ताई अभिनंदन. शासनमान्यतेसाठी अर्ज केलाय का? ड वर्गात बसायला पुस्तकं किती लागतात, वर्तमानपत्रं किती, ते बघून घ्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं. आमच्या भागात एक वाचनालय होतं त्याचं अनुदान तीन वर्षं अडकलेलं.

दुसरं असं की माझ्याकडे दोन पोती पुस्तकं पडून आहेत. डिप्लोमाची आहेत, मुलाची. शिवाय दिवाळी अंक. उद्घाटनाच्या दिवशी घेऊन येऊ का? भाषणात माझं नाव नको 🙂

माईकवाला

मळेकर, प्रश्न भाषणाचा आहे हो, मान्यतेचा नाही.

दाखलनोंद

मळेकरांचा प्रश्न चुकीच्या धाग्यावर आलाय, पण त्यातून भाषणाचाच एक मुद्दा निघतो, म्हणून लिहिते. मी ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे.

उद्घाटनाच्या भाषणात उत्साहाच्या भरात एक वाक्य हमखास येतं : "आपल्या घरातली कोणतीही पुस्तकं आम्हाला द्या, आम्ही ती कायम जपू." या वाक्यात दोन आश्वासनं आहेत आणि दोन्ही पाळता येत नाहीत. "कोणतीही" म्हटलं की आठवडाभरात जुनी गाईडं, अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं आणि कव्हर नसलेले अंक जिन्यात येऊन पडतात. नको म्हटलं तर देणारा दुखावतो, घेतलं तर कपाट भरतं आणि वाचणाऱ्याला हवं ते सापडत नाही. त्यापेक्षा काय हवंय ते नेमकं सांगा. मुलांची गोष्टीची पुस्तकं, चालू वर्षाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, असं काहीतरी. आणि "आणण्याआधी यादी दाखवा" हेही जोडा.

"कायम" तर अजिबात नको. भेट आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं, त्यावर शिक्का आणि दाखल क्रमांक पडला, की ते वाचनालयाचं झालं. पुढे फाटलं, वाळवी लागली किंवा कुणीच नेलं नाही तर समिती ठराव करून ते निर्लेखित करते, म्हणजे नोंदीतून काढून टाकते. देणाऱ्याच्या घरच्यांना हे आधी माहीत नसेल तर दहा वर्षांनी "आमच्या बाबांचं पुस्तक रद्दीत घातलं" असं ऐकावं लागतं. देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवा. ते वचन देता येतं आणि पाळता येतं. ताई, मोठा पुस्तकसंच कुणी दिलाय का?

गावभागची_ताई

हो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पतीच्या निधनानंतर त्यांची ६४० पुस्तकं दिली. एकूण ११०० पैकी निम्म्याहून जास्त त्यांचीच. खरं सांगायचं तर ती नसती तर वाचनालय सुरूच झालं नसतं. आणि मी "कायम जपू" हेच लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर.

दाखलनोंद

मग त्या बाईंशी रविवारच्या आधी बसून बोला, माईकवरून नको. त्यांना विचारा, पतीचं नाव घेतलेलं चालेल का आणि कसं घेऊ. काहींना "कै." नको असतं, "सर" म्हटलेलं आवडतं.

बावधनकर

"कै." वरून आठवलं. आमच्या थोरल्या भावाने एका संस्थेला पंखे दिले होते, वडलांच्या स्मरणार्थ. कार्यक्रमात सूत्रसंचालकाने ओळ वाचताना कै. भावालाच लावलं. भाऊ समोर बसलेला. लोक हसले, तोही हसला, पण वहिनी अजून त्या संस्थेच्या दारात पाय ठेवत नाही. तवा ताई, नावं घ्या नाहीतर नका घेऊ, पण घेताना ज्याचं त्याला फोन करून विचारा की बाबा तुझं नाव कसं वाचू. लई सोपं काम हाय, पण कुणी करत नाही.

माईकवाला

शंभर टक्के. देणगीदार आणि ज्याच्या स्मरणार्थ दिली तो, ही दोन नावं एका ओळीत आली की घोटाळा ठरलेला. कागदावर दोन वेगळ्या ओळी करा. रकमाही अंकात लिहू नका, अक्षरात लिहा. माईकसमोर शून्यं मोजत बसायची वेळ येते.

संथ_वाहते

मला एक पटलं नाही. १,५१,००० देणाऱ्याचं नाव भाषणात घ्यायचं नाही? लोक देतात ते थोडंफार नावासाठीच, त्यात वाईट काय आहे? तो माणूस पुढच्या वर्षी परत देईल का?

माईकवाला

नाव घ्या, रक्कम घेऊ नका. दीड लाख ऐकल्यावर ५१ रुपये दिलेली बाई खाली बघते. आणि नाव घेताना त्या पैशातून काय झालं ते सांगा. ताई, काय झालं त्यातून?

गावभागची_ताई

खोलीचं वायरिंग, गिलावा, टेबलं आणि खुर्च्या. कपाटांचं लाकूड एका वखारवाल्यांनी दिलं. गल्लीतल्याच सुताराने ती बनवली आणि मजुरी घेतली नाही. पुस्तकं घरोघरून एका रिक्षावाल्याने आणली, तेही फुकट. भाजीवाल्या बायकांच्या बचत गटाने २,१०० दिले.

संथ_वाहते

मग "वायरिंग आणि खुर्च्या अमुकांच्या देणगीतून" एवढंच? मला तरी ते कमी वाटतं. आपल्याकडे मोठ्या देणगीदाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात, त्याला काहीतरी अर्थ आहे.

माईकवाला

सत्कार भाषणाच्या बाहेर ठेवा. करायचाच असेल तर सुताराचाही करा. दोघांचा एकत्र, एकाच वेळी. बाकी समितीची मर्जी.

रोखपाल

रक्कम लपवू पण नका हं. भाषणात नको हे बरोबर, पण जमाखर्चाचा कागद भिंतीवर लागला पाहिजे. किती आले, कशावर गेले, शिल्लक किती. भाषणात एक वाक्य टाका की हिशेब वर लावलाय, वाचून घ्या. देणगीदाराला आभारापेक्षा हे जास्त आवडतं, विश्वास ठेवा.

गावभागची_ताई

आता दोन अवघड माणसं. एक, नाव नको म्हणणारे. मी असं लिहिलंय : "आपल्यातच बसलेल्या एका गृहस्थांनी नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी रक्कम दिली..." चालेल?

दाखलनोंद

नाही चालणार. "आपल्यातच बसलेले" म्हटलं की अख्खा मांडव माना वळवून शोधायला लागेल, आणि "गृहस्थ" म्हटल्यावर निम्मा शोध संपला. "मोठी रक्कम" म्हटल्यावर उरलेलाही. फलकावर इतर ओळींसारखी "एक वाचक" अशी ओळ करा, भाषणात उल्लेखच नको. त्यांनी मागितलंय तेच द्या.

गावभागची_ताई

पटलं. आणि दुसरे, २५,००० वाले?

बावधनकर

त्यांचं नाव सगळ्यांत आधी घ्या. टाळ्या पडल्या की दुसऱ्या दिवशी पैसे हजर. आमच्याकडं असंच वसूल करतात.

रोखपाल

आणि नाही आले तर? फलकावर नाव, हिशेबात शून्य. ज्यांनी ५१ दिले त्यांनी पावती फाडून दिले. मिळालेल्याचेच आभार, हा साधा नियम ठेवा.

बावधनकर

हिशेब तुमचा बरोबर, माणूस आमचा ओळखीचा 😄

संथ_वाहते

रविवारच्या आधी कुणीतरी त्यांच्या घरी चहाला जावं. "फलक रंगवायला द्यायचाय, तुमचं नाव घालायचंय" एवढं म्हणावं. पैसे मागायचेच नाहीत.

माईकवाला

हे चांगलंय. दिले तर फलकावर, नाही दिले तर कुणाला काही कळलं नाही. भाषणात मात्र मी रोखपालांच्या बाजूचा.

कृष्णेचा_घाट

धागा आत्ता वाचला. गावभाग म्हणजे पुराचं पाणी आलंच असणार. २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी ४५. सांगलीच्या नगर वाचनालयाची किती जुनी पुस्तकं तेव्हा गेली. भाषणाची सुरुवात त्यानेच करा. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

संथ_वाहते

उद्घाटनाला डोळ्यांत पाणी कशाला? आजी आणि तिसरीतली मुलगी फीत कापून हसत उभ्या असतील आणि ताई पुराचे आकडे सांगणार?

गावभागची_ताई

आकडे नाही सांगणार, पण उल्लेख हवा. खोली वरच्या मजल्यावर घेतली ती त्याच कारणाने. मंडळ खालची खोली द्यायला तयार होतं, आम्हीच नको म्हटलं. एका वाक्यात येईल असं बघते. उद्या नवा मसुदा टाकते.

गावभागची_ताई

हा घ्या. नावांच्या जागी टिंबं आहेत.

"नमस्कार मंडळी.

वाचनालय वरच्या मजल्यावर का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. दोन हजार एकोणीस साली ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांच्यापैकी कुणीही विचारलं नाही. मंडळाने आपल्याला खालची खोलीही देऊ केली होती. आम्ही वरची मागितली आणि त्यांनी लगेच किल्ली काढून दिली. तेव्हा पहिले आभार मंडळाचे.

आता वर गेलात की काय दिसेल ते सांगते. उजव्या हाताला कपाटं आहेत. त्यांचं लाकूड ... यांच्या वखारीतून आलं आणि ते कापून, रंधून, जोडून दिलं आपल्या ... यांनी. मजुरी किती म्हणून विचारलं तर म्हणाले, आधी पुस्तकं लावा, मग बघू. पुस्तकं लावून झाली, ते अजून काही बोललेले नाहीत. दिवे, पंखे, टेबलं आणि खुर्च्या ... यांच्या देणगीतून झाल्या. पुस्तकं गल्लोगल्लीतून गोळा करून आणली ती ... यांच्या रिक्षाने, आणि मीटर एकदाही पडला नाही.

कपाटांत आज अकराशे पुस्तकं आहेत. त्यातली सहाशे चाळीस ... सरांची. बाईंनी ती आम्हाला देताना एकच सांगितलं, की ही बंद कपाटात ठेवू नका, लोकांना नेऊ द्या. म्हणून आपल्या कपाटांना कुलूप नाही.

मंडईतल्या बचत गटाच्या ताईंनी वर्गणी आणून दिली तेव्हा विचारलं, आम्हाला येता येईल का? अहो, तुमचंच आहे. संध्याकाळी बाजार उठल्यावर याल म्हणून आपण रात्री नऊपर्यंत उघडं ठेवतोय.

एकूण चौऱ्याहत्तर जणांनी मदत केली. सगळ्यांची नावं घेतली तर चहा थंड होईल. ती जिन्यापाशी फलकावर लिहिली आहेत, आणि पैसा न् पैसा कुठे गेला त्याचा हिशेब वर दारामागे लावला आहे. दोन्ही वाचा. चूक सापडली तर मला सांगा.

पुस्तकं द्यायची असतील तर सध्या मुलांची हवी आहेत. आणण्याआधी यादी दाखवा.

मुलांनो, तुम्हाला एकच सांगायचंय. पुस्तक पूर्ण वाचलंच पाहिजे असा इथे नियम नाही. दहा पानं वाचून आवडलं नाही तर परत आणा आणि दुसरं न्या. कुणी का म्हणून विचारणार नाही. आणि मोठ्यांनाही हाच नियम आहे.

देवघेवीचं टेबल आत्ता सुरू होतंय. चहा घ्या, वर चला, आणि आज रिकाम्या हाताने घरी जाऊ नका."

माईकवाला

ताई, झकास. मी मोठ्याने वाचून बघितलं, तीन मिनिटांच्या आत-बाहेर होतं. मांडवात हशा आणि टाळ्या धरल्या तर चारला पोचेल. आता एक शब्दही वाढवू नका.

फक्त "ते अजून काही बोललेले नाहीत" नंतर थांबा. लोक हसतील, त्यांना हसू द्या. घाईने पुढचं वाक्य सुरू केलंत तर वायरिंगवाल्यांचं नाव हशात बुडेल, आणि ते नेमके सर्वांत मोठे देणगीदार आहेत.

संथ_वाहते

भाषण आवडलं. पण मोठ्या देणगीदाराला अर्धी ओळ आणि सुताराला तीन ओळी, हे मला अजूनही खटकतंय.

गावभागची_ताई

मलाही काल खटकलं, म्हणून त्यांनाच फोन केला. म्हणाले, माझं नाव एकदा आलं की झालं, पण पंख्यांवर नाव रंगवू नका, आईच्या नावाचा छोटा फलक लावा. तो लावतोय.

दाखलनोंद

"कपाटांना कुलूप नाही" हे ऐकायला छान, पण खरंच नसणार का? रात्री खोलीला तरी असेल ना? कुणीतरी लगेच आक्षेप काढेल. "कपाटं दिवसभर उघडी असतात" म्हटलं तर खरंही राहील.

आणि "आज रिकाम्या हाताने जाऊ नका" म्हणताय तर देवघेव खरंच तयार आहे का ते बघा. अकराशेच्या अकराशे पुस्तकांवर दाखल क्रमांक पडलेत का? न नोंदवलेलं पुस्तक पहिल्याच दिवशी बाहेर गेलं तर ते परत आलं की नाही हे कळायला मार्गच नाही. सभासद नसलेल्याने मागितलं तर काय करणार?

गावभागची_ताई

साधारण ८०० नोंदवली आहेत, बाकी चालू आहे. अनामत २०० आणि महिना ३० ठेवलंय, पण पहिल्या दिवशी अनामत घेऊन बसायला माणूस नाही.

दाखलनोंद

मग न नोंदवलेली ३०० रविवारी कपाटात लावूच नका, खोक्यात बांधून ठेवा. भाषणात आकडा "आठशे" करा, किंवा "अकराशे आली आहेत, आठशे लावून झाली आहेत" म्हणा. लोक मोजत नाहीत, पण मुलं मोजतात. त्या दिवशी अनामत न घेता एक पुस्तक आठ दिवसांसाठी द्या. वहीत नाव, पत्ता, फोन आणि दाखल क्रमांक लिहून सही घ्या. काही परत येणार नाहीत, ते धरून चाला. भाषणात फक्त "आठ दिवसांसाठी" हे शब्द घाला.

रोखपाल

काही म्हणजे किती?

दाखलनोंद

ते गल्लीवर आहे. पण सरांच्या संग्रहातली जी पुस्तकं आता बाजारात मिळत नाहीत, ती त्या दिवशी बाजूला काढा. बाईंना सांगून.

कृष्णेचा_घाट

पुराचं वाक्य बरोबर जमलंय, माझा आग्रह मागे. पण ताई, जिना चढू न शकणाऱ्या आजोबांचं काय? आमच्या वडिलांसारखी माणसं खालीच बसून राहतील. फीत कापणाऱ्या आजी तरी वर जाणार का?

गावभागची_ताई

आजी म्हणतात जाणार, दोघांनी धरायचं ठरलंय. बाकीच्यांसाठी शनिवारी एक मुलगा यादी घेऊन घरी जाईल असा विचार आहे, पण नक्की नाही, म्हणून भाषणात घातलं नाही. मुलगा मिळाला तर घालते.

मिरजमळा

ताई, यादी बनवली. डिप्लोमाची ३१, दिवाळी अंक बरेच. बघता का?

गावभागची_ताई

मळेकर काका, दिवाळी अंक कोणत्या वर्षांचे आहेत ते तेवढं लिहा. डिप्लोमाची नकोत, पण त्यांच्यात मुलांची गोष्टीची पुस्तकं मिसळलेली असतील तर ती जरूर.

२५,००० वाल्यांकडे उद्या संध्याकाळी चहाला जायचं ठरलंय. फलकवाला शुक्रवारी दुपारपर्यंत नावं घेतो म्हणालाय.